दोन थंबनेल, एक मेसेज: शेंगा चटणीच्या चॅनेलचं प्रकरण

सोलापुरातलं एक छोटं यूट्यूब चॅनेल. सदस्य तेवीसशेच्या आसपास, आठवड्याला एक व्हिडिओ, विषय घरचेच: शेंगा चटणी, कडक भाकरी, हुरडा. चॅनेल चालवणाऱ्या ताई घरी चटणी कुटून पार्सलने विकतात, त्यामुळे प्रत्येक व्हिडिओखाली ऑर्डरसाठी व्हॉट्सॲप नंबर दिलेला असतो. याच शहरातला एक तरुण डिझायनर त्यांना थंबनेल करून देतो म्हणून मेसेज टाकतो, सोबत नमुन्याची दोन चित्रं. पहिल्या मेसेजला उत्तर आलं नाही, दुसऱ्याला आलं. प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे, म्हणून माणसांना नावं दिलेली नाहीत.

पहिला मेसेज असा होता:

> नमस्कार मॅडम, मी प्रोफेशनल ग्राफिक डिझायनर असून मला ३ वर्षांचा अनुभव आहे. तुमचं चॅनेल पाहिलं, खूप छान कंटेंट आहे. परंतु थंबनेल आकर्षक नसल्यामुळे तुम्हाला व्ह्यूज मिळत नाहीत. माझ्या थंबनेलने व्ह्यूज ३ पट वाढतील, गॅरंटी. महिन्याला ८ थंबनेल फक्त ४,००० रुपये. ऑफर आठवडाभरच. नमुने सोबत जोडले आहेत. इच्छुक असल्यास कळवा.

सकाळी अकराला, पार्सल बांधायच्या ऐन घाईत, हा मेसेज ऑर्डरच्या नंबरवर गेला. अनोळखी नंबर दिसला की ताईंना आधी गिऱ्हाईकच वाटतं. ‘नमस्कार मॅडम’ वाचून मेसेज उघडला आणि ऑर्डर नाही हे कळायला तीन ओळी वाचाव्या लागल्या. तिथेच निम्मं काम बिघडलं.

त्यात नमुने झिप फाइलमध्ये होते. अनोळखी माणसाने पाठवलेली झिप उघडायची नाही, हे चॅनेलवाल्यांना आता पाठ झालंय, आणि त्याला कारण आहे. जाहिरातीची ऑफर म्हणून फाइल पाठवायची, ती उघडली की ब्राउझरमधल्या लॉगिनच्या कुकी चोरायच्या आणि पासवर्ड न विचारताच चॅनेल ताब्यात घ्यायचं, ही चाल जुनी आहे. गुगलच्या सुरक्षा पथकाने २०२१ मध्ये तिच्यावर सविस्तर लिहिलं होतं. तेव्हा झिप पाठवणारा कितीही सरळ असो, तो संशयाच्या रांगेतच उभा राहतो. दोन चित्रं पाठवायला झिप लागतेच कशाला?

‘महिन्याला ८’ या आकड्याने तर सगळंच उघडं पडलं. आठवड्याला एक व्हिडिओ म्हणजे महिन्याला चार, फार तर पाच. चॅनेल पाहिलं म्हणणाऱ्याने तेवढंही मोजलं नव्हतं. रक्कमही बेतात बसणारी नव्हती. जाहिरातीतून पैसे मिळायला चॅनेलला हजार सदस्य आणि बारा महिन्यांत चार हजार तास पाहिलं जाणं लागतं (किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज), आणि तिथवर पोचलं तरी खात्यात शंभर डॉलर साठेपर्यंत पैसे बाहेर येत नाहीत. तेवीसशे सदस्यांच्या चॅनेलला तेवढे साठायला कित्येक महिने जाऊ शकतात. दरमहा चार हजारांचा करार त्यांच्यापुढे ठेवणं म्हणजे पगार नसलेल्याला हप्ता सुचवणं. ताईंची खरी मिळकत चटणीच्या ऑर्डरींतून येते, आणि मेसेजमध्ये चटणीचं नावही नाही.

राहिली गॅरंटी. थंबनेलमुळे व्ह्यूज येत नाहीत, हे बाहेरच्या माणसाला कळूच शकत नाही. एखादा व्हिडिओ कमी पाहिला गेला त्याची दोन वेगवेगळी कारणं असू शकतात: यूट्यूबने तो फारशा लोकांपुढे ठेवलाच नाही, किंवा ठेवला पण लोकांनी दाबला नाही. थंबनेलचा थेट संबंध दुसऱ्याशी. हे दोन्ही आकडे यूट्यूब स्टुडिओत Impressions आणि Impressions click-through rate या नावांनी दिसतात, आणि ते फक्त चॅनेलच्या मालकाला दिसतात. निम्म्या चॅनेलांचा आणि व्हिडिओंचा हा दर दोन ते दहा टक्क्यांच्या मध्ये असतो, असं यूट्यूबच्या मदतपानावर आहे. ताईंचा त्यात कुठे बसतो हे न पाहता दोष थंबनेलवर ठेवणं म्हणजे नाडी न धरता औषध देणं.

नमुन्यांत काय चुकलं

पहिलं चित्र एका गेमिंग चॅनेलसाठी आधी केलेलं होतं: निळा-जांभळा उजेड, तोंड वासलेला मुलगा, इंग्रजी अक्षरं. हात चांगला होता, पण चटणीवाल्या ताईंना त्यातून काय कळणार? हा माणूस माझ्या वस्तूचं काय करील, एवढाच त्यांचा प्रश्न असतो.

दुसरं चित्र चटणीचं होतं, आणि ते जास्त महागात पडलं. फोटो इंटरनेटवरून उचललेला, कुठल्या तरी हॉटेलातल्या वाटीतल्या लाल चटणीचा. सोलापुरी शेंगा चटणी अशी दिसत नाही. ती दाण्याच्या तेलाने ओलसर, चिमटीत धरली तर गोळा होणारी, तपकिरीकडे झुकणारी लाल असते. वर ठळक अक्षरांत ‘६ महिने टिकणारी’. ताईंनी व्हिडिओत असं कुठेही म्हटलेलं नाही. माल विकणाऱ्या बाईच्या नावावर न केलेला दावा चिकटवला तर पुढे चटणी खवट झाली म्हणून भांडायला येणारं गिऱ्हाईक तिच्याच दारात येतं.

त्यातही ‘टिकणारी’ हा शब्द चित्रावर ‘टकिणारी’ असा उमटला होता. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरीची जुळणी करणारी World-Ready Layout ही सोय चालू नसेल तर असं होतं. पहिली वेलांटी टंकताना अक्षराच्या नंतर येते आणि दिसायला मात्र अक्षराच्या आधी जावी लागते. ती जागा बदलणारं कोणी नसलं की ती पुढच्या अक्षराला जाऊन बिलगते. जोडाक्षरंही पाय मोडून वेगळी पडतात. सेटिंग प्रेफरन्समधल्या Type या भागात असते. ते बदलल्यावर आधी लिहिलेला मजकूर आपोआप सुधारला नाही तर तो निवडून परिच्छेदाच्या पर्यायांत World-Ready कंपोझर लावावा लागतो. मराठी वाचणाऱ्याला ही चूक अर्ध्या क्षणात खुपते. मराठी चॅनेलला मराठी अक्षरं विकायला निघालेल्याने ती केली, तर पुढचं कोणी वाचत नाही.

दुसरी खेप

दहा दिवसांनी डिझायनरने काम नव्याने मांडलं. या वेळी दोन्ही नमुने एकाच व्हिडिओचे केले: खलबत्त्यात कुटलेल्या शेंगा चटणीचा. दोन वेगळ्या व्हिडिओंचे दोन नमुने जास्त भरगच्च वाटले असते, पण एकाच व्हिडिओचे दोन घेण्यात एक सोय आहे. स्टुडिओतल्या थंबनेलांची तुलना करायच्या सोयीत एका व्हिडिओला जास्तीत जास्त तीन थंबनेल लावता येतात, आणि यूट्यूब ती वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवून तुलना करतं. ताईंचं जुनं एक आणि नवी दोन, तीन पुरे झाले. म्हणजे ‘माझं चांगलं आहे’ असं सांगत बसायचं नाही, पडताळून पाहायचं साधनच हातात द्यायचं.

जुनं थंबनेल असं होतं: हलणाऱ्या हाताची धूसर फ्रेम, त्यावर ‘सोलापुरी शेंगा चटणी रेसिपी इन मराठी घरच्या घरी’ हे आठ शब्द, पिवळ्या अक्षरांना लाल कड. शेवटचा शब्द उजव्या कोपऱ्यातल्या वेळेच्या पट्टीखाली झाकलेला. तो मजकूर शीर्षकात होताच. चित्रावर तोच पुन्हा लिहून काही साधत नाही.

नव्या चित्रांसाठी फ्रेम ताईंच्याच व्हिडिओतून घेतल्या. संगणकावर व्हिडिओची प्रत १०८०वर ठेवायची, थांबवायचा, आणि स्वल्पविराम व पूर्णविराम या कळांनी एकेक फ्रेम मागेपुढे सरकवायची. कुटताना बत्ता वर गेला की क्षणभर थांबतो, तिथे फ्रेम स्वच्छ मिळते. खाली येताना धूसर. चार मिनिटं दहा सेकंदांवर चटणीला तेल सुटतं आणि खलाच्या कडेला चमक दिसते. पहिलं चित्र त्या क्षणाचं झालं, शब्द दोनच: ‘तेल सुटेपर्यंत’. दुसऱ्या चित्रात भाकरीवर चटणी आणि ताईंचा हात, शब्द ‘खलबत्त्यातली’. गडद खलापेक्षा भाकरीच्या फिकट रंगावर चटणी जास्त उठून दिसते, म्हणून दोन्हींची कसोटी वेगवेगळी होती. एकात कुटण्याची क्रिया, दुसऱ्यात खाण्याचा मोह. नुसता रंग बदललेली दोन चित्रं दिली असती तर तुलनेतून काहीच कळलं नसतं.

चित्राचं माप १२८० बाय ७२०, फाइल जेपीजी, दोन एमबीच्या आत. पण काम करायचं ते लहान मापावर. फोनवर सुचवलेल्या व्हिडिओंच्या यादीत हे चित्र बोटभर रुंदीचं होतं. म्हणून ते १६० पिक्सेल रुंद करून पाहायचं, म्हणजे आठपट लहान. मूळ चित्रात १२० पिक्सेल उंचीचं अक्षर तिथे १५ पिक्सेलचं उरतं. एवढ्यात शिरोरेघ आणि अक्षराचं पोट दिसतं, पण अनुस्वार विरघळतो आणि ‘शेंगा’चं ‘शेगा’ होतं. जाड कड दिली तर ‘ट’ आणि ‘ण’ यांच्या पोकळ्या भरून जातात. कड अक्षराच्या मध्यावर न ठेवता बाहेरच्या बाजूला ठेवली तर अक्षर स्वतः बारीक होत नाही. मात्रा-वेलांट्या वर जातात, उकार खाली उतरतात, म्हणून दोन ओळी लिहायच्या तर इंग्रजीपेक्षा अंतर जास्त सोडावं लागतं. ते टाळायला इथे एकच ओळ घेतली, अक्षर ‘बलू २’मधलं सगळ्यात जाड, उंची १५० पिक्सेल. उजवा खालचा कोपरा वेळेच्या पट्टीसाठी मोकळा, आणि तळाला अगदी कडेशी काहीच नाही, कारण अर्धवट पाहिलेल्या व्हिडिओवर तिथे लाल रेघ येते.

मग मेसेज. या वेळी रात्री साडेआठला, त्याच नंबरवर. चॅनेलच्या पानावर ईमेलही होता आणि रीत पाहिली तर धंद्याचं बोलणं तिथेच करायचं. पण घरून विकणाऱ्या बाईचा मेल आठवड्यातून एकदा उघडला गेला तरी नशीब. व्हॉट्सॲप चालतं, फक्त पहिल्याच ओळीत ‘ऑर्डर नाही’ हे सांगायचं.

> नमस्कार ताई. हा मेसेज ऑर्डरचा नाही, सवड मिळेल तेव्हा बघा.
>
> मी इथलाच, जुळे सोलापूरचा. थंबनेल करतो. तुमचा खलबत्त्यातल्या चटणीचा व्हिडिओ पाहिला. ४:१० ला चटणीला तेल सुटताना दिसतं, मला त्यातलं तेच सगळ्यात भारी वाटलं. ते थंबनेलवर नाही, म्हणून त्याच व्हिडिओची दोन चित्रं करून पाठवतोय. फोटो तुमच्याच व्हिडिओतले आहेत.
>
> आवडली तर दोन्ही वापरा, पैसे नकोत. पुढे कधी करून हवं असेल तर एका थंबनेलचे २५० रुपये, एक दुरुस्ती त्यातच. महिन्याचं बंधन नाही.
>
> नको असेल तर तसं सांगा, परत मेसेज करणार नाही.

चित्रं साधे फोटो म्हणून, एकेक करून पाठवली, खाली ओळ: ‘१. तेल सुटतानाची’ आणि ‘२. भाकरीवरची’. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं, थोडी धार जाते. नमुन्याला तेवढं चालतं, कारण चित्र न उघडताच गप्पांच्या पडद्यावर दिसायला हवं. चॅनेलवर चढवायची अंतिम फाइल मात्र डॉक्युमेंट म्हणून द्यायची. अनुभव, कौशल्यं, आधीची कामं यांतलं काही मेसेजमध्ये नाही, आणि त्याची उणीव भासत नाही. ४:१० हा आकडाच व्हिडिओ पाहिल्याचा पुरावा आहे. दोन चित्रं फुकट देण्यावर पुष्कळांचा आक्षेप असतो. माझं मत असं की त्यांच्याच फोटोंवर केलेलं काम दुसरीकडे कुठे विकता येत नाही, तेव्हा ते अडवून ठेवण्यात फायदा नाही. मात्र तिसरं फुकट नाही, आणि ताईंचा होकार येईपर्यंत ही चित्रं आपल्या इन्स्टाग्रामवरही टाकायची नाहीत. चेहरा नसला तरी हात आणि स्वयंपाकघर त्यांचं आहे.

उत्तर आलं नसतं तर पाच-सहा दिवसांनी एकच आठवण, तीही संक्रांतीच्या सुमारास नाही. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सोलापुरात खाण्याचं काही विकणाऱ्याला मान वर करायला फुरसत नसते.

ताईंचं उत्तर

रात्री दहाला उत्तर आलं: ‘छान झालंय. पण माझा खल दगडी आहे, हा लोखंडी कुठला?’

फ्रेम ताईंचीच होती, पण चटणी उठून दिसावी म्हणून डिझायनरने सावल्या इतक्या गडद केल्या होत्या की करडा दगड काळा पडला आणि वर तेलाची चमक, म्हणून लोखंड वाटू लागलं. हौशी डिझायनरला ही बारीकसारीक गोष्ट वाटेल. दगडी खलातली चटणी म्हणून विकणाऱ्या ताईंना ती तशी वाटत नाही, कारण पहिली टिप्पणी त्याच्यावरच येणार. दुरुस्ती सोपी होती. गडदपणा पूर्ण चित्राला न देता चटणीभोवतीच्या भागावर मास्क लावून दिला, खलाच्या काठाचा करडेपणा आणि टाकीच्या खुणा परत आणल्या. चटणी आधीपेक्षा किंचित कमी उठली, पण खल ओळखू आला. डिझायनरने उत्तरात एवढंच लिहिलं, ‘बरोबर ताई, माझ्याकडून जास्त काळं झालं होतं. दुरुस्त करून पाठवलंय.’ बचाव केला नाही, हे बरं केलं.

तुलना लावताना दोन अडचणी आल्या. ताईंना फोनवर तो पर्याय सापडला नाही; ते काम संगणकावरच्या स्टुडिओतून करावं लागतं. भाच्याचा लॅपटॉप आला, तरी पर्याय दिसेना, कारण चॅनेलच्या प्रगत सुविधा चालू नव्हत्या. स्वतःचं थंबनेल लावायला फोन नंबरची पडताळणी पुरते, ती झालेली होती. प्रगत सुविधांसाठी त्यापुढची ओळख पटवावी लागते किंवा चॅनेलचा पुरेसा इतिहास साठावा लागतो, आणि त्याला वेळ जातो. डिझायनरने हे आधीच मेसेजमध्ये कोंबलं नाही ते योग्यच, पण ‘आवडली’ असं उत्तर आल्याबरोबर सांगायला हवं होतं.

दोन आठवडे तुलना चालली आणि निकाल स्पष्ट लागला नाही. छोट्या चॅनेलवर असं होणं अगदी शक्य असतं. तीन चित्रांत प्रेक्षक वाटले जातात, प्रत्येकाच्या वाट्याला थोडे येतात, आणि फरक खरा की योगायोग हे ठरत नाही. शिवाय यूट्यूब इथे कुणी किती वेळा दाबलं यावर निर्णय करत नाही, त्या थंबनेलवरून आलेल्यांनी एकूण किती वेळ पाहिलं यावर करतं. भडक चित्राने लोक आत आले आणि लगेच बाहेर पडले तर त्याला यश मिळत नाही. पहिल्या मेसेजमधली तिप्पट व्ह्यूजची गॅरंटी या वेळीही दिली असती तर संबंध इथेच संपला असता. ती दिली नव्हती, म्हणून ताईंनी आपल्या पसंतीने तेल सुटतानाचं चित्र ठेवलं आणि पुढच्या तीन व्हिडिओंचं काम दिलं, साडेसातशे रुपये.

त्यातल्या कडक भाकरीच्या व्हिडिओत एकही स्वच्छ फ्रेम मिळाली नाही. भाकरी मोडताना कॅमेरा वर होता आणि हाताची सावली नेमकी तिच्यावर. म्हणून डिझायनरने पुढच्या चित्रीकरणाआधी तीन ओळी पाठवल्या: पदार्थ झाल्याबरोबर फोन आडवा धरून तीन फोटो काढा, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या, आणि फोटोची मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. चटणी असेल तर कुटून झाल्या झाल्या काढा. वाटीत भरून ठेवली की वरची चमक जाते. ताईंचा प्रश्न आला, ‘हात दिसला तर चालेल ना?’ त्यावर उत्तर गेलं की चालेल, भाकरी मोडतानाचाच हवाय.